कीड, चहा आणि विहीर : वऱ्हाडातल्या दातांचा हिशेब

दात किडला, दाताला कीड लागली, असं आपण म्हणतो. तुरीच्या शेंगेला लागते ती कीड, कपाशीच्या बोंडाला लागते ती कीड आणि दाताला लागते तीही कीडच. शेतीवर जगणाऱ्या मुलखाला दाढेतलं भोक बघून शेंगेतलं भोक आठवलं, तर त्यात नवल नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांच्या रोगांची यादी आहे. त्यात ‘कृमिदंतक’ हे नाव येतं. म्हणजे ही समजूत खेड्यातली म्हणून हिणवण्यासारखी नाही. युरोपातल्या वैद्यांनीही शेकडो वर्षं दातातला किडा शोधला.

आमच्याकडच्या आठवडी बाजारात दातातली कीड काढून दाखवणारे बसत. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीतून धूर दाढेवर घ्यायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढरे, बारीक तंतू पडलेले दाखवायचे. ‘निघाली ना बाप्पा कीड!’ असं म्हणत माणूस पैसे देऊन उठायचा. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. तिकडच्या चिकित्सकांनी तो उलगडून दाखवला होता : बी तापलं की फुटतं आणि आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर येतो. अळी म्हणून दाखवला जातो तो हा अंकुर. ठणका थोडा वेळ कमी होई, हे मात्र खोटं नव्हतं. धुराच्या शेकाने आणि लाळ सुटल्याने तेवढं होऊ शकतं. खड्डा होता तिथेच राही.

मी दंतवैद्य नाही. पाण्याच्या तपासणीचे अहवाल आणि जुनी वैद्यकीय पुस्तकं वाचत वाचत या विषयाकडे आलो. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतून हिंडताना दातांविषयी दोन तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. एक, दात किडतात. दुसरी, दातांवर डाग पडतात. लोक दोन्हींचं खापर एकाच गोष्टीवर फोडतात : कुणी पाण्यावर, कुणी पेस्टवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत फ्लोराइडचा संबंध उलटसुलट येतो. तो नीट लावून पाहणं, एवढंच या लेखाचं काम.

दातातल्या किड्याची जागा कशाने घेतली, ते आधी पाहू. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. रोगजंतूंचं शास्त्र तिथे तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. मिलरने काढलेले दात, पाव आणि लाळ एकत्र करून उबेत ठेवले. पावातल्या पिठाचं आम्ल झालं आणि त्या आम्लाने दाताचा चुना विरघळला. नुसती चरबी किंवा मांस लाळेत ठेवलं तेव्हा तसं झालं नाही. १८९० साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडलं. दाताला कुणी कुरतडत नाही. तोंडातले जंतू आपल्या खाण्यातली साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, त्यातून आम्ल बाहेर टाकतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. पुढे १९२४ मध्ये क्लार्क या इंग्रज संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला. त्याचं नाव स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. आज आपल्याला माहीत आहे की तो एकटा गुन्हेगार नाही, त्याचे साथीदार बरेच आहेत. पण त्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या साखरेपासून, म्हणजे उसाच्या साखरेपासून, तो डिंकासारखा चिकट पदार्थ तयार करतो. त्या डिंकाने जंतूंची वस्ती दाताला घट्ट धरून राहते. सकाळी जिभेला दात खरखरीत, बुळबुळीत लागतात, ती ही वस्ती. दंतवैद्य तिला प्लाक म्हणतात. गुळात वेगळं काही नाही. गूळ हीही बहुतांशी तीच साखर आणि जंतूला रंगाशी कर्तव्य नाही.

दाताच्या बाहेरच्या कवचाला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, तेही मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. इतकं कठीण असूनही आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. आम्लता मोजायचं माप म्हणजे सामू. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. खाली उतरावं तसं आम्ल वाढतं आणि एकेका अंकाला दहापट वाढतं. प्लाकच्या आतला सामू ५.५च्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम सुटून बाहेर यायला लागतं. सामू पुन्हा वर चढला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या रिकाम्या जागांत परत बसायला लागतं. दाताची कीड म्हणजे या देवघेवीतली तूट. दररोज तोंडात खनिज जातं आणि येतं, निरोगी दातांतसुद्धा. जमेपेक्षा खर्च महिनोन्महिने जास्त राहिला की खड्डा पडतो.

ही देवघेव प्रत्यक्ष मोजली रॉबर्ट स्टीफन याने, १९४०च्या दशकात. माणसांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावायची आणि दातावरच्या प्लाकमध्ये बारीक विद्युतकांडी टेकवून सामू मोजत राहायचा, असा त्याचा प्रयोग. चूळ भरल्यावर दोन-पाच मिनिटांतच सामू धाडकन खाली येतो आणि वर यायला अर्धा-पाऊण तास, काहींना तासाहून जास्त लागतो. ज्यांचे दात फार किडलेले होते त्यांच्यात तो जास्त खोल गेला आणि खाली जास्त वेळ राहिला. आलेखाची ती रेघ आजही दंतवैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढावी लागते.

या रेघेतून निघणारी गोष्ट साखरेच्या वजनाची नाही, वेळेची आहे. चार चमचे साखर एका बैठकीत खाल्ली तर एक खड्डा. तीच चार चमचे साखर चार वेळा खाल्ली तर चार खड्डे, प्रत्येक पाऊण तासाचा. हे माणसांवर सर्वांत स्पष्ट दिसलं ते स्वीडनमध्ये, विपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत, १९४५ पासून पुढच्या काही वर्षांत. जेवणासोबत साखर दिलेल्यांच्या दातांत थोडीच वाढ झाली. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्यांचे दात मात्र झपाट्याने गेले. त्या रुग्णांची संमती कुणी घेतली नव्हती. कुणाचे दात मुद्दाम किडू देऊन मिळवलेलं ज्ञान आहे हे. त्याचा उपयोग करताना ते विसरता येत नाही.

आता वऱ्हाडातला एक दिवस या मापाने मोजू. माझ्या नात्यातले एक गृहस्थ अकोल्याच्या बाजारात अनेक वर्षं दिवाणजी होते. त्यांच्या संमतीने आम्ही दोघांनी मिळून त्यांचा दिवस कागदावर मांडला. सकाळी सहाला गोड चहा. साडेआठला पोहे आणि चहा. मग दुकानावर साडेदहाला, बाराला चहा. दीडला जेवण. साडेतीनला, पाचला, साडेसहाला पुन्हा चहा, कारण गिऱ्हाईक आलं की चहा सांगायचा आणि सांगितला की स्वतःही घ्यायचा. रात्री नऊला जेवण, साडेदहाला साखर घातलेलं दूध आणि झोप. एकूण दहा वेळा. प्रत्येक वेळचे चाळीस मिनिटं धरली तर चारशे मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. हा अंदाज आहे, त्यांच्या तोंडात कुणी कांडी टेकवली नव्हती. पण शेवटच्या दुधाचा अंदाज बहुधा कमीच आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. आम्ल धुऊन काढणारी आणि खनिज परत आणणारी लाळच नसेल तर त्या एका पेल्याचा हिशेब चाळीस मिनिटांत मिटत नाही.

त्यांचे खालचे तीन दात हिरडीच्या कडेला, मुळाशी, किडलेले होते. ही जागा म्हातारपणाची. हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमलचं कवच नसतं. खालचा थर, डेंटिन, मऊ असतो आणि तो ५.५ची वाट बघत नाही, सामू ६.२ ते ६.४च्या आसपास आला तरी विरघळायला लागतो. म्हणून पन्नाशीपर्यंत ज्यांचे दात ठणठणीत होते, त्यांचेही साठीनंतर मुळाशी किडू लागतात. ‘या वयात कायची कीड?’ असं म्हणून ते दुर्लक्ष करतात. गृहस्थ दात घासत तेही फक्त सकाळी, चहाच्या आधी, काळ्या दंतमंजनाने, बोटाने.

कीड सुरू झाल्याचं पहिलं चिन्ह खड्डा नसतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. पहिलं चिन्ह पांढरं असतं. आम्ल इनॅमलमध्ये शिरतं आणि पृष्ठभागाच्या खालचं खनिज आधी पोकळ करतं. वरची पातळ कातडी मात्र बराच काळ शाबूत राहते. ओला दात काचेसारखा दिसतो. कापसाने पुसून कोरडा केला की हिरडीच्या कडेला खडूसारखा, निस्तेज पांढरा पट्टा उठून दिसतो. खडूने गिरवल्यासारखा, चमक गेलेला. लहान मुलांत हा पट्टा वरच्या पुढच्या दातांवर दिसतो. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवलेल्या मुलांत तर हमखास. दात सरळ करायला तारा बसवलेल्या पोरांच्या दातांवर, नीट घासलं नाही तर, महिनाभरातही तो उमटू शकतो. दोन दाढांच्या फटीत मात्र कीड इनॅमल भेदून आत जायला अनेकदा वर्षं घेते. या अवस्थेत दुखत नाही, ठणकत नाही. आणि याच अवस्थेत ती परतवता येते. वरची कातडी फुटून खड्डा झाला की दात स्वतःला भरून काढू शकत नाही. तिथून पुढे दंतवैद्याचं सिमेंट.

मग ती परतवायची कशाने? इथे फ्लोराइड येतं. पण त्याची ओळख माणसाला डागांतून झाली आणि ही कथा खारपाणपट्ट्यातल्या वाचकाला आपलीच वाटेल. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथे जन्मून वाढलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग होते. बाहेरून मोठेपणी आलेल्यांच्या दातांवर ते नव्हते. पाण्यात काहीतरी आहे, असा संशय त्याला आला. ते काय आहे हे कळायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये चर्चिल या रसायनतज्ज्ञाने अशाच डागांच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड सापडल्याचं दाखवलं. मॅकेला आणखी एक गोष्ट आढळली होती : हे डागाळलेले दात किडत कमी होते. ट्रेंडली डीन या सरकारी संशोधकाने मग गावोगावच्या मुलांचे दात आणि पाणी तपासून पाहिलं. लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्यात डाग नगण्य आणि कीडही बरीच कमी, असं त्याला आढळलं. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स या शहराच्या नळाला मुद्दाम तेवढं फ्लोराइड घालायला सुरुवात झाली.

पुढचा समज असा होता की फ्लोराइड पोटातून रक्तात आणि रक्तातून घडत असलेल्या दातात जाऊन त्याला आतून पक्कं करतं. आज मुख्य भर दुसऱ्या गोष्टीवर आहे : फ्लोराइड काम करतं ते तोंडात, दाताच्या पृष्ठभागावर, आयुष्यभर. प्लाकमध्ये आम्ल तयार झालं की तिथे असलेलं थोडंसं फ्लोराइड इनॅमलच्या स्फटिकांना चिकटतं आणि त्यांचं विरघळणं धीमं करतं. सामू वर चढायला लागला की परतीच्या कॅल्शियमला ते लवकर बसवतं. असा परत बसलेला थर मूळ इनॅमलपेक्षा आम्लाला जास्त दाद देत नाही. मूळ स्फटिक ५.५ला हार मानतो, तर शुद्ध फ्लोराइडचा स्फटिक ४.५च्या आसपास. म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची जागा सुधारली तर ती शेजारच्या कोऱ्या दातापेक्षा चिवट होऊ शकते. खेरीज फ्लोराइड जंतूंच्या आम्ल बनवण्याच्या कामातही थोडा खोडा घालतं. पण मोठं काम पहिली दोन.

या कामाला फ्लोराइड फार लागत नाही, पण ते रोज लागतं आणि आम्लाच्या वेळी तिथे असावं लागतं. टूथपेस्टची सगळी रीत यातून निघते. पेस्टमधलं फ्लोराइड लाळेत मिसळून तास-दोन तास साध्या वेळेपेक्षा जास्त राहतं. त्यातलं काही दातावर बारीक कणांच्या रूपाने साठतं आणि आम्ल आलं की सुटतं. आता आपण काय करतो? घासतो आणि लगेच तीन-चार खळखळून चुळा भरून ते सगळं मोरीत सोडतो. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि चूळ भरू नये, ही साधी सूचना. आमच्याकडे तिला फार विरोध होतो, कारण तोंड धुणं म्हणजे चुळा भरणं, हा संस्कार आहे. ज्यांना अगदीच राहवत नाही त्यांनी एक छोटा घोट घ्यावा.

दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत लाळ थांबते, हे वर आलंच. म्हणजे रात्री आम्ल जास्त वेळ राहतं आणि फ्लोराइडही. झोपण्याआधी शेवटची गोष्ट तोंडात पेस्ट असावी, दूध नव्हे. सकाळी आंघोळीआधी देवासारखं दात घासणारे आम्ही लोक रात्री मात्र जेवून तसेच झोपतो. दोनपैकी एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची असावी, असं माझं मत आहे.

ब्रशविषयी थोडं. ब्रश प्लाक काढतो, त्याने हिरड्या नीट राहतात, आणि फ्लोराइड दातापर्यंत पोचवायचं वाहन तोच आहे. पण दाढेच्या माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात आणि दोन दातांच्या फटीत ब्रश शिरत नाही. नुसत्या घासण्याने, फ्लोराइडशिवाय, कीड फार कमी होत नाही. फ्लोराइडच्या पेस्टने मात्र होते : मुलांवरच्या सत्तर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा फ्लोराइड नसलेल्या पेस्टशी तुलना करता कीड सुमारे २४ टक्के कमी निघाली. चोवीस टक्के म्हणजे सगळं नव्हे. बाकीचं काम चहा आणि बिस्किटाच्या वेळा करतात. बाभळीची काडी किंवा कडुलिंबाची काडी चावून घासली तर प्लाक निघतो, पण फ्लोराइड मिळत नाही. राखुंडी, कोळसा, खरखरीत मंजन यांनी दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर घासला जातो. मुळाशी तर त्याने खोबण पडते. तंबाखू घातलेली दंतमंजनं १९९२ मध्ये देशात बेकायदा झाली. मशेरी आणि गुडाखू त्यानंतरही घराघरांत राहिले, त्यांचा हिशेब कीडीपेक्षा वेगळ्या वहीत मांडावा लागेल.

दिवाणजींनी काय केलं? सहाचा चहा बिनसाखरेचा केला. साडेआठचा पोह्यांसोबतचा गोड ठेवला. दुकानावर चारचा एकच गोड चहा, बाकी वेळी गिऱ्हाईकाला सांगितला तरी स्वतः पाणी. रात्रीचं दूध जेवणाला जोडलं. उरले चार वेळ : न्याहारी, जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण. चार गुणिले चाळीस, एकशे साठ मिनिटं, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. रात्री फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, चूळ नाही. तीन जागांपैकी एक खोल होती, ती अमरावतीत भरून घ्यावी लागली. उरलेल्या दोन जागा दीड वर्षाने काळपट, गुळगुळीत आणि कठीण झालेल्या दिसल्या. मुळावरची चालू कीड मऊ, पिवळसर-तपकिरी आणि निस्तेज असते. थांबलेली कीड काळी आणि चकचकीत. काळं झालं म्हणून घाबरून ते उकरू नये. ती जखम भरल्याची खूण असू शकते. मऊ आहे की कठीण हे ठरवणं दंतवैद्याचं काम, टाचणीने घरी बघायचं नाही.

आता दुसरी तक्रार, डागांची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारं, शेतीला नाठाळ, प्यायला नकोसं. तिथले लोक दात पिवळे झाले की खारं पाणी म्हणून सोडून देतात. पण खारटपणा म्हणजे फ्लोराइड नव्हे. मीठ जिभेला कळतं. फ्लोराइडला ना चव, ना रंग, ना वास. गोड लागणाऱ्या बोअरमध्येही ते जास्त असू शकतं आणि मचूळ विहिरीतही कमी असू शकतं. सोडा जास्त आणि कॅल्शियम कमी अशा खोल पाण्यात ते वाढायची शक्यता असते, कारण फ्लोराइडला धरून तळाशी बसवायला कॅल्शियमच नसतं. महाराष्ट्रात भूजलातल्या फ्लोराइडसाठी ज्या जिल्ह्यांचे भाग नोंदले गेले आहेत, त्यांत अमरावतीचं नाव आहे. शेजारच्या यवतमाळातला केळापूरकडचा भाग तर त्यासाठी ओळखला जातो. देशात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३७ मध्ये, मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यात. आपलं पिण्याच्या पाण्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात.

फ्लोराइडचा डाग आणि किडीचा पांढरा पट्टा वेगळे कसे ओळखायचे? फ्लोराइडचा डाग दात हिरडीत घडत असताना पडतो, जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत. घडत्या इनॅमलमधली प्रथिनं वेळेवर बाहेर पडत नाहीत आणि कवच सच्छिद्र राहतं. तपकिरी रंग नंतर बाहेरून मुरतो. म्हणून हा डाग जोडीने असतो : उजव्या दातावर जसा, तसाच डाव्या बाजूच्या जोडीदारावर. आडव्या पांढऱ्या रेघा किंवा ढगाळ छटा दाताच्या कुठल्याही भागावर, वरच्या टोकालाही. दात उगवतो तेव्हाच तो असतो. किडीचा पट्टा हिरडीची कड धरून असतो, प्लाक जिथे साठतो तिथे, आणि दात उगवल्यानंतर येतो. मोठेपणी गाव बदललं, पाणी बदललं, तरी नवे डाग पडत नाहीत. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाने ‘पेस्टमुळे माझे दात डागळले’ असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि डाग असलेला दात किडत नाही, हीही खात्री नाही. फ्लोराइड फार जास्त असेल तर कवच ठिसूळ होऊन तुकडे पडतात आणि त्या खड्ड्यांत प्लाक बसतो.

पेस्ट की विहीर, हा वाद मात्र आकड्यांनी मिटवता येतो. कायद्याने भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, आणि किती आहे ते नळीवर छापावं लागतं. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्यायची, ती साधारण ०.१ ग्रॅम. सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याच्या दाण्याएवढी, ०.२५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव मिलिग्रॅम. आता विहिरीच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असं धरा. उन्हाळ्यात मूल दीड लिटर पाणी पितं. झाले साडेचार मिलिग्रॅम. वाटाण्याएवढ्या पेस्टच्या अठरा पट. अशा गावात पेस्ट बंद करून काहीच साधत नाही, दातांचं संरक्षण तेवढं जातं. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवतात, ती मात्र मुलाने गिळली तर एका वेळी एक मिलिग्रॅम होते. तेवढं टाळावं आणि सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने जवळ उभं राहावं. चहाच्या पानातही फ्लोराइड असतं, हे अशा गावात लक्षात ठेवावं. लहान मुलांना बशीतून चहा पाजायची आपली रीत दोन्ही बाजूंनी तोट्याची.

गेल्या काही वर्षांत चित्र आणखी बदललं आहे. अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना आहे. अकोला शहर काटेपूर्णेचं पाणी पितं, अमरावती अप्पर वर्धेचं. धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. त्यावर भर म्हणून खारपाणपट्ट्यात गावोगावी जारचं पाणी आलं. आरओची यंत्रं मिठाबरोबर फ्लोराइडही बरंचसं काढून टाकतात. म्हणजे जिथे आजोबांच्या दातांवर विहिरीचे डाग असतील, तिथे नातवाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसेल आणि हातात बिस्किटाचा पुडा असेल. त्याचे दात डागाळणार नाहीत, ते किडतील. त्याला रात्रीची पेस्ट आजोबांपेक्षा जास्त लागते.

पण हे कुठल्या घरात कसं आहे ते पाणी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. फ्लोराइडसाठी नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नको, कारण फ्लोराइड काचेशी थोडीफार देवघेव करतं. बाटली आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. बोअर असेल तर काही मिनिटं चालवून मग भरावं. उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं पाणी एकच नसतं, म्हणून दोन वेळा तपासावं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने लिटरमागचं प्रमाण वाढतं. तुरटीच्या खड्याने गाळ बसतो, फ्लोराइड बसवायचं तर तुरटी आणि चुन्याचं प्रमाण पाण्याच्या अहवालावरून ठरवावं लागतं. नागपूरच्या नीरी संस्थेने बसवलेली ‘नलगोंडा’ पद्धत तीच. अहवाल हाती आला की ‘फ्लोराइड’ या शब्दापुढचा एकच आकडा पाहायचा आणि घरात आठ वर्षांखालचं मूल आहे का, ते पाहायचं. आकडा दीडच्या वर असेल आणि मूल असेल तर त्या मुलाच्या पिण्याच्या आणि भाताच्या पाण्याची सोय आधी बदलावी लागते. घरातल्या मोठ्यांच्या दातांना त्या विहिरीने आता नवा डाग पडणार नाही. हाडांचा प्रश्न मात्र त्यांनाही आहे, कारण फ्लोराइड हाडांत वर्षानुवर्षं साठत जातं, आणि सांधे आखडायला लागतात ते उशिरा.